नोटिशीतले तास आणि घरातले तास

पुण्याच्या एका वाचक भगिनींनी आपल्या सोसायटीच्या फलकावरील नोटिशीचे छायाचित्र पाठवले आहे आणि सोबत एकच प्रश्न विचारला आहे : किती पाणी भरून ठेवू? त्यासाठी दोनशे लिटरचे टिपाड विकत घ्यावे काय? घरात माणसे पाच : पतिपत्नी, शाळेत जाणारी मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना गुडघेदुखी आहे आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. इमारत सात मजल्यांची, घर सातव्या मजल्यावर, गच्चीवरील टाकीच्या अगदी खाली. इतका तपशील त्यांनी दिला आहे म्हणूनच उत्तर नेमके देता येते.

प्रथम ते छायाचित्र वाचू. कागद हाताने लिहिलेला आहे, त्यावर ट्यूबलाइटचा झगझगाट पडला आहे आणि उजवी कडा कापली गेली आहे. दिसते ते एवढे : ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मनपाच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवार दि. १८ रोजी शहराचा पाणीपुरवठा बंद राहणार आहे. सबब टाकीचे पाणी पुढीलप्रमाणे बंद ठेवण्यात येईल. गुरुवार ८ ते ६ बंद. ७ ते ७ बंद. शुक्रवार ८ ते १२ बंद. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता आहे. आवश्यकता भासल्यास टँकर मागविण्यात येईल.’ खाली सचिवांची सही. महिन्याचे नाव कापलेल्या कडेत गेले आहे आणि सकाळ, संध्याकाळ, रात्र हे शब्द उजेडात विरघळले आहेत.

अशा छायाचित्राची पहिली परीक्षा दिनदर्शिकेवर होते. या महिन्याच्या १८ तारखेला गुरुवारच येतो काय, हे पाहावे. तारीख आणि वार जुळत नसतील तर ते छायाचित्र मागल्या खेपेचे असून कुणीतरी सद्हेतूने पुन्हा फिरवले आहे असे समजावे. दुसरी परीक्षा आकड्यांची. हाताने लिहिलेल्या देवनागरीत १ आणि ९ यांची गाठ कोणत्या बाजूला आहे हे अंधुक छायाचित्रात कळत नाही, आणि ‘७ ते ७’ म्हणजे संध्याकाळ ते सकाळ की सकाळ ते संध्याकाळ, हे केवळ अंकांवरून ठरत नाही. येथे क्रमच अर्थ सांगतो. गुरुवारी ८ ते ६ हा पहिला खंड सकाळपासूनचा धरला, तरच मधला सहा ते सातचा एक तास मोकळा राहतो आणि त्यापुढचे ‘७ ते ७’ रात्रभराचे ठरते. शुक्रवारी सातला पाणी सुरू होऊन आठला पुन्हा बंद होते, आणि बारानंतर ते नियमित होते. आडाखा बरोबर आहे, तरीही खाली जाऊन फलकावरचा कागद एकदा डोळ्यांनी पाहणे श्रेयस्कर; कारण छायाचित्र जिथल्या तिथे राहते, पण फलकावरचा कागद संध्याकाळपर्यंत बदललेला असू शकतो.

आता मुख्य मुद्दा. नोटिशीत लिहिलेले तास हे पंपवाल्याचे किंवा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचे तास असतात. आपल्या घरातले तास त्याहून निराळे, आणि तेही दोन प्रकारचे. पहिला हिशेब वापरण्याच्या पाण्याचा : खात्रीने येणाऱ्या शेवटच्या पाण्यापासून खात्रीने येणाऱ्या पहिल्या पाण्यापर्यंत किती वेळ जाईल? दुसरा हिशेब पिण्याच्या पाण्याचा : आज आपण निःशंकपणे पितो तसे पाणी पुन्हा केव्हा पिता येईल? बहुतेक घरांत पहिलाच हिशेब होतो. बादल्या भरल्या जातात, पाणी आले की त्या रिकाम्या केल्या जातात, आणि नळाला आलेले पहिले पाणी सरळ माठात जाते. जुलाबाचा धोका पाणी बंद असताना असतो त्यापेक्षा त्या क्षणी अधिक असतो.

याचे कारण जमिनीखालच्या नळांत आहे. पुण्याला खडकवासला धरणसाखळीचे पाणी पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशा जलकेंद्रांतून शुद्ध होऊन येते. केंद्रातून निघताना ते चांगले असते आणि त्यात थोडे क्लोरीन शिल्लक ठेवलेले असते. जलवाहिनी भरलेली असते तेव्हा आतल्या दाबामुळे फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी झाली की हे उलटते. त्याच सांध्यातून भोवतालच्या ओल्या मातीतले पाणी आत ओढले जाते, आणि शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर तेही. पुन्हा पाणी सोडले जाते तेव्हा हे सारे, शिवाय वाहिनीच्या तळाला बसलेला गाळ, त्या पहिल्या लोंढ्याबरोबर येते. बंदच्या सूचनेत ‘दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ असे जे वाक्य नेहमी असते, त्यातील ‘कमी दाब’ या शब्दांचा अर्थ केवळ गैरसोय इतका घेऊ नये. वाहिनी अजून पुरती भरलेली नाही, असा तो इशारा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जंतू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला, हे पुणेकर विसरलेले नसतील.

सोसायटीत आणखी एक टप्पा वाढतो. महापालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तेथून पंपाने गच्चीवर जाते आणि मग घरात उतरते. म्हणजे पहिले गढूळ पाणी आपल्या नळाला सकाळी न येता दुपारी किंवा संध्याकाळी येऊ शकते, तेही चांगल्या पाण्यात मिसळून, दिसण्यात बऱ्यापैकी स्वच्छ. त्यातच नोटिशीत टँकरचा उल्लेख आहे. टँकरचे पाणी कोठून भरले हे सदनिकेत बसून कळत नाही, आणि ते त्याच भूमिगत टाकीत ओतले जाते. म्हणून पिण्याचा हिशेब शुक्रवारी बाराला संपवू नये. तो शनिवारी सकाळपर्यंत न्यावा. तोवर टाकीतले पाणी एकदा तरी बदललेले असते.

थोडक्यात या घरासाठी वापराच्या पाण्याचे तास गुरुवारी सकाळी आठ ते शुक्रवारी दुपारी बारा, म्हणजे अठ्ठावीस. पिण्याच्या पाण्याचे तास गुरुवारी सकाळी आठ ते शनिवारी सकाळी आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस. गुरुवारी संध्याकाळचा एक तास मी हिशेबात धरलेला नाही. गच्चीच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. खालच्या मजल्यांना त्याचा जोर अधिक मिळतो आणि टाकीच्या लगत खाली असलेल्या सातव्या मजल्याला सर्वांत कमी. अठ्ठावीस घरांचे नळ एकदम उघडले की या भगिनींच्या नळाला करंगळीएवढी धार येणार. आले तर बादल्या पुन्हा भरून घ्याव्यात. पण त्याच्या भरवशावर आखणी करू नये.

आता लिटर. नागरी पाणीयोजना आखताना मलनिःसारण असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. या घराला त्या हिशेबाने दिवसाला ६७५ लिटर लागतील. बंदच्या दिवशी इतके साठवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पिण्यासाठी पाच जणांना मिळून दिवसाला बारा लिटर पुष्कळ झाले, यात चहा, ताक, औषधाचे पाणी आले. स्वयंपाकाला आठ लिटर. असे दिवसाला वीस आणि दोन दिवसांचे चाळीस लिटर.

हात धुण्याचे पाणी सहसा कुणी मोजत नाही. पाच माणसांचे मिळून दिवसात चाळीस वेळा तरी हात धुतले जातात : शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी, बाळाचे दुपटे बदलल्यावर. नळाखाली प्रत्येक वेळी दोनतीन लिटर सहज जातात. तोटी असलेल्या भांड्यातून बारीक धार सोडून, साबण लावताना तोटी बंद ठेवली तर अर्धा लिटर पुरतो. म्हणजे वीस लिटर. भांड्यांना पंचवीस, बाळाच्या स्वच्छतेला आणि किरकोळ कामांना दहा. अठ्ठावीस तासांसाठी हे सारे पासष्ट लिटरांच्या आसपास जाते. गुरुवारच्या आंघोळी आठच्या आत उरकाव्यात. शुक्रवारी सकाळी प्रत्येकी अर्धी बादली, म्हणजे एकूण चाळीस लिटर. शौचालयासाठी, फ्लशची टाकी न वापरता बादलीने पाणी टाकले तर मोठ्या वेळेला सहा आणि लघवीला दोन लिटर पुरतात. बाळाला सोडून चौघांचे अठ्ठावीस तासांचे पंचाहत्तर लिटर धरू. सारी बेरीज दोनशे वीस लिटर.

दोनशे वीस ऐकल्यावर टिपाडाकडेच मन धावेल. पण यातले पंचाहत्तर लिटर स्वच्छ असण्याची गरज नाही. ते कोठून येतील याचा विचार बुधवारी दुपारी केला तर ते आपोआप जमा होतात. बुधवारी दुपारीच कपडे मशीनला लावावेत आणि शेवटच्या खळबळण्याचे पाणी सोडणारी नळी कपड्यांच्या टबात सोडावी; तीसचाळीस लिटर तेथे मिळतात. त्यांच्या स्वयंपाकघरात आरओ यंत्र आहे. ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी टाकून देते. बारा लिटर शुद्ध करून घेतले तर पंचवीस ते पस्तीस लिटर टाकाऊ पाणी बादल्यांत साठते. त्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते झाडांना किंवा भांड्यांना वापरू नये, पण शौचालयाला आणि फरशीला काही हरकत नाही. राहिलेले दहापंधरा लिटर तांदूळ-डाळ, भाजी धुतलेल्या पाण्यातून निघतात. मात्र हे पाणी रात्रभर ठेवले की आंबते, तेव्हा ते आधी संपवावे.

उरले एकशे पंचेचाळीस लिटर स्वच्छ पाणी. घरातली भांडी त्यांनी कळवली आहेत : तोटीची दोन स्टीलची पिंपे, प्रत्येकी वीस लिटरचे, झाकणाचे एक पन्नास लिटरचे प्लास्टिकचे पिंप, पाच बादल्या आणि कपड्यांचा टब. स्टीलची पिंपे चाळीस, प्लास्टिकचे पन्नास आणि तीन बादल्या अठरा-अठरा लिटर भरल्या तर चोपन्न; बेरीज एकशे चव्वेचाळीस. दोन बादल्या आणि टब शौचालयाच्या पाण्याला उरतात. टिपाड घेण्याचे कारण नाही. (बादली वीस लिटरची आहे असे आपण समजतो, ती पुष्कळदा पंधराची निघते. लिटरची बाटली घेऊन एकदा मोजून पाहावी आणि आतल्या बाजूला खूण करावी.)

टिपाडाविरुद्ध माझा आक्षेप केवळ खर्चाचा नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. ते एका जागी सज्जात ठेवण्यापूर्वी कोणीही विचार करावा. शिवाय एकाच मोठ्या भांड्यात दिवसातून पन्नास वेळा मग बुडतो, आणि एकदा खरकटा हात लागला की सगळेच पाणी बिघडते. लहान भांडी निरनिराळ्या कामांना वाटून देता येतात, आणि सासूबाईंना ज्या भांड्यातून पाणी घ्यायचे ते त्यांच्या हाताच्या उंचीवर ठेवता येते. गुडघेदुखी असणाऱ्याला वाकून बादली उचलायला लावणे म्हणजे ओल्या फरशीवर पडण्याला आमंत्रण होय.

घरात दीड वर्षाचे मूल आहे. पाण्याने भरलेली बादली या वयाच्या मुलाला धोक्याची असते. डोके जड, उंची बेताची. काठाशी वाकले की मूल डोक्यावर आत जाते आणि त्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. त्यासाठी वीतभर पाणीही पुरते, आणि बुडताना आवाज होत नाही. म्हणून भरलेल्या बादल्या आणि टब मोरीतच ठेवावेत आणि मोरीच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या उंचीवर, कडी असावी. शौचालयाला जाणाऱ्या प्रत्येकाने बाहेर येताना ती लावायची, हे मुलीलाही बुधवारीच सांगून ठेवावे. स्वयंपाकघरातील पिंपे ओट्यावर.

आता पिण्याच्या पाण्याकडे परत येऊ, कारण येथे एक गोष्ट सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. आरओचे पाणी सर्वांत शुद्ध, म्हणून चाळीसच्या चाळीस लिटर त्याचेच भरून ठेवावे असे वाटते. पण त्या यंत्रातील कोळशाचा थर पाण्यातले क्लोरीन काढून घेतो. तेच क्लोरीन साठवणीत पाण्याची राखण करीत असते. ते गेले की भांड्यात, ओगराळ्यातून किंवा हातावरून जे काही जंतू शिरतील त्यांना अटकाव करणारे काही उरत नाही. म्हणून गुरुवारचे बारा लिटर आरओचे असावेत आणि ते त्याच दिवशी संपवावेत. यंत्राची टाकी सातआठ लिटरांची असते, तेव्हा ते बुधवारी दुपारपासून दोन खेपांत काढावे लागेल. उरलेले अठ्ठावीस लिटर बुधवारचेच पण नळाचे, क्लोरीन असलेले पाणी असावे. ते स्वयंपाकाला तसेच वापरता येते. शुक्रवारी पिण्यासाठी लागणारे बारा लिटर त्याच सकाळी उकळावेत : मोठे बुडबुडे उसळू लागल्यावर मिनिटभर, मग त्याच भांड्यात झाकून थंड होऊ द्यावे. उकळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून गार करण्याची सवय मोडावी. तेथेच पुष्कळदा केलेले काम वाया जाते.

पिंपे भरण्यापूर्वी ती साबणाने घासून, खंगाळून, उलटी ठेवून कोरडी करावीत. तोटीचा आतला भाग बोटभर ब्रशने साफ करावा, बुळबुळीत थर बसतो तो तेथेच. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे हवे, आणि ते पिंपावर उघडे न ठेवता खुंटीला टांगलेले असावे.

भरण्याच्या वेळेबद्दलही एक शब्द. गुरुवारी सकाळी सात ते आठ ही भरण्याची वेळ समजू नये. त्या तासात इमारतीतले प्रत्येक घर आंघोळी करणार आणि भांडी भरणार. अठ्ठावीस घरांनी दीडदीडशे लिटर जरी घेतले तरी चार हजारांहून अधिक लिटर एका तासात खाली उतरतील, आणि वरच्या मजल्यावर हवा येऊ लागेल. बुधवारी दुपारी टाकी भरलेली असते आणि मागणी कमी असते. सातव्या मजल्यावरच्यांनी तेव्हाच उरकून घ्यावे.

पाणी बंद होण्याच्या आधी तीन तोट्या फिरवायच्या. आरओ यंत्राकडे जाणारी, वॉशिंग मशीनची, आणि गीझरचे बटण. यंत्राची तोटी यासाठी की परतलेल्या पाण्याबरोबर येणारा गाळ पहिल्या गाळणीत जाऊन बसू नये. गीझरचे यासाठी की त्यातले पाणी उतरले असताना तो चालू झाला तर तापणारी कांडी जळते. आणि घराबाहेर पडताना सर्व नळ बंद आहेत की नाहीत ते हाताने फिरवून पाहावे. कोरडा नळ उघडा आहे की बंद, हे नुसते पाहून कळत नाही, आणि संध्याकाळी सहाला पाणी आले तेव्हा घरी कोणी नसेल तर ते खालच्या मजल्यावर उतरते.

काटकसर कशात करायची हे ठरवून ठेवले नाही तर ती नको तेथे होते. फरशी एक दिवस पुसली नाही, कपडे शनिवारी धुतले, ताटांऐवजी पत्रावळी घेतल्या, पालेभाजीऐवजी दुधी किंवा बटाटा केला, खिचडी केली, तर काही बिघडत नाही. शुक्रवारी आंघोळीऐवजी ओल्या पंचाने अंग पुसले तरी चालते. हात धुणे, बाळाची वाटी-चमचा आणि पिणे, या तिहींत मात्र कपात नाही. आणि येथे सासूबाईंकडे विशेष लक्ष हवे. शौचालयाला पाणी कमी आहे असे घरात दिवसभर बोलले जात असले की वडीलधारी माणसे मुकाट्याने पाणी पिणे कमी करतात, म्हणजे उठावे लागणार नाही. लघवी वाढवणारी गोळी मात्र आपले काम करीतच राहते. अशा दिवशी चक्कर, गळून जाणे, लघवीला जळजळ, क्वचित गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसतात आणि वयावर ढकलली जातात. लिटरच्या दोन बाटल्या त्यांच्या नावाच्या भरून सकाळी उशाशी ठेवाव्यात आणि त्या संध्याकाळपर्यंत संपल्या की नाहीत ते पाहावे. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तेवढ्याच. त्यांच्या शौचालयाची बादली इतरांच्या हिशेबात न धरता वेगळी ठेवली तर त्यांचा संकोच जातो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

शुक्रवारी सात ते आठच्या कमी दाबाच्या पाण्याला मोरीतल्या बादलीपलीकडे नेऊ नये. बारानंतर नळ सोडल्यावर प्रथम हवा फुसफुसेल, मग तांबूस किंवा गढूळ पाणी येईल. ते शौचालयाच्या बादलीत घ्यावे. धार स्थिर झाली की काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पेला पांढऱ्या कागदापुढे धरावा आणि वासही पाहावा. निवळ, वासहीन पाणी आंघोळीला, भांड्यांना चालेल. प्यायचे ते शनिवारी सकाळपर्यंत साठवणीतले किंवा उकळलेले. शनिवारी पेला पुन्हा निवळ दिसला की आरओची तोटी उघडावी. डोळ्यांना दिसते ती फक्त माती, जंतू दिसत नाहीत. म्हणून टँकर आला असेल तर आणखी एक गोष्ट करता येते : टाकीच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे काय, हे क्लोरोस्कोप नावाच्या छोट्या पेटीतील थेंब टाकून दोन मिनिटांत पाहता येते. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. सचिवांना अशी पेटी सोसायटीसाठी घेण्यास सांगावे, ती महाग नसते.

पुढचा आठवडा पोटाकडे लक्ष असू द्यावे. बाळाला किंवा सासूबाईंना जुलाब झाले तर जलसंजीवनीचे पुडके उकळून थंड केलेल्या, मोजून घेतलेल्या पाण्यात करावे. पुडक्यावर एक लिटर लिहिलेले असेल तर एकच लिटर, ग्लासात चिमूटभर नव्हे. बाळाने लघवी केली नाही, डोळे खोल गेले, ते सुस्तावले तर घरी वाट पाहू नये. इमारतीतील दोनतीन घरांत एकाच वेळी पोट बिघडले तर ती बातमी ज्याच्या त्याच्या घरात ठेवण्यासारखी नसते. सचिवांना आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे, म्हणजे टाकी तपासली जाईल.

राहता राहिले उरलेले पाणी. पाणी आले की साठवलेले ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या शुक्रवारी दुपारी शहरातल्या मोऱ्यांतून जे वाहते ते जेमतेम दोन दिवसांपूर्वीचे, झाकलेले, चांगले पाणी असते. ते फरशीला, कपड्यांना, शौचालयाला वापरून संपवावे. पण संपवावे हेही खरे. पुढच्या बंदसाठी असू दे म्हणून पन्नास लिटरचे पिंप मोरीत तसेच भरलेले राहिले तर आठदहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात, आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणारा हा एडिस डास डेंग्यूचा असतो. तो दिवसा चावतो, म्हणजे घरात असणाऱ्या बाळाला आणि आजीला. त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढल्या वेळी पिंप भरले की फुटतात. म्हणून पिंप रिकामे केल्यावर आतल्या भिंती, विशेषतः पाण्याची जुनी रेषा, काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासावी, आणि मगच ते उन्हात पालथे घालावे. झाकण सैल बसत असेल तर पुढच्या खेपेला त्यावर जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा ताणून दोरीने बांधावा.